मुंबई विमानतळावर अडकलेला नवरदेव

(दृश्य: पहाटेचं अमळनेर स्टेशन. सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी थांबते आणि निघून जाते. प्लॅटफॉर्मवर कुणी उतरत नाही.)

निवेदन:

त्या मंगळवारी सकाळी तो इथे उतरणार होता. मुंबईहून रात्रीच्या गाडीने, हातात दोन बॅगा आणि आप्पांसाठी लंडनहून आणलेलं घड्याळ घेऊन. ताईंनी रविवारीच घर सारवल्यासारखं लख्ख करून ठेवलं होतं. शेवभाजीचा मसालाही वाटून ठेवला होता. विलायतेतल्या माणसाला तिखट सोसेल का, म्हणून मिरच्या जरा कमी घातल्या होत्या.

तो उतरला नाही. तो विमानातसुद्धा बसला नव्हता.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या फिल्ममधली ताई ही कुणी एक बाई नाही. अशा फसवणुकीत पुन्हा पुन्हा जे घडतं, ते एकत्र करून ही गोष्ट उभी केली आहे. नाव, वय, रकमा आमच्या आहेत. पैसे मागण्याची पद्धत मात्र जशीच्या तशी त्यांची आहे.

(दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा. मधली सुट्टी. फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित.)

ताई छत्तीस वर्षांच्या. शिक्षिका. घटस्फोट होऊन सात वर्षं झालेली. घरी त्या आणि वडील, म्हणजे आप्पा. धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्यात. दुसरेपणाची स्थळं यायची, पण येताना अटी घेऊन यायची. वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत नाव छापायचं, तर सगळ्या तालुक्यात चर्चा. म्हणून त्यांनी मोबाईलवरच्या विवाह संकेतस्थळावर गुपचूप नाव नोंदवलं.

तिथे 'पाटील' भेटला. वय एक्केचाळीस, लंडनला हाडांचा डॉक्टर, पत्नी वारलेली, सात वर्षांची मुलगी. मूळ जिल्हा धुळे. आडनाव पाटील आणि जिल्हा धुळे, एवढ्यावर खान्देशात माणूस सापडत नाही. इथे दगड मारला तर पाटलालाच लागतो. ठगाला नेमकं तेच हवं असतं.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, या साइटवर मी फार नसतो, व्हॉट्सॲपवर बोलू. नंबर चव्वेचाळीसने सुरू होणारा, म्हणजे ब्रिटनचा. असा नंबर इंटरनेटवरून कुठेही बसून घेता येतो, त्यासाठी लंडनला जावं लागत नाही. पण तो हलला संकेतस्थळाच्या नजरेतून निसटायला. तिथे प्रोफाइलची तक्रार झाली की ते बंद होतं. व्हॉट्सॲपवरचं बोलणं दोघांतच राहतं.

पुढचे सहा आठवडे त्याने एक रुपया मागितला नाही. हा भाग लोकांना खोटा वाटतो. 'एवढी शिकलेली बाई, कळलं कसं नाही?' असं विचारणाऱ्यांना वाटतं की पहिल्याच दिवशी पैसे मागितले असतील. पहिल्या दिवशी तो विचारत होता, शाळेत आज काय झालं? आप्पांचा गुडघा कसा आहे? हाडांचा डॉक्टर ना, गुडघ्याचे व्यायामही सांगितले. आप्पांना त्यातल्या एकाने बरंही वाटलं.

व्हिडिओ कॉल दोनदा झाला. दोन्ही वेळा वीसेक सेकंद, चित्र धूसर, आवाज तुटका. 'हॉस्पिटलचं नेटवर्क असंच आहे.' मराठी बोलायचं म्हटलं की तो हिंदीवर जायचा, लहानपणापासून बाहेर वाढलो म्हणायचा. ताईंनी एकदा सहज विचारलं, 'तुमचं मामकूळ कुठलं?' त्याने उत्तर दिलं, 'हो, हो, मामा पण डॉक्टर आहेत.'

ताई हसल्या. विलायती माणूस, त्याला मामकूळ काय कळणार. आपल्याकडे कुठल्याही बैठकीत हा प्रश्न पहिल्या चहाआधी येतो आणि त्याच्या उत्तरावरून दोन फोनमध्ये घर सापडतं. इथे बैठकच नव्हती. मध्यस्थ नव्हता. 'मी येईपर्यंत घरात सांगू नका, मला समोर येऊन आप्पांना विचारायचंय,' अशी अट त्याने घातलेली होती आणि ताईंना त्यात अदब दिसली होती.

(दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर विमानाच्या तिकिटाचा फोटो.)

शनिवारी तिकिटाचा फोटो आला. लंडन ते मुंबई. सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, मधल्या सुट्टीत, फोन वाजला. नंबर भारतातला, साधा मोबाईल. बाईचा आवाज, कडक हिंदी. 'मैं मुंबई एअरपोर्ट कस्टम्स से बोल रही हूँ.' तुमचा पाहुणा साठ हजार पौंडांचा ड्राफ्ट घेऊन आलाय, जाहीर केलेला नाही, त्याला थांबवून ठेवलंय. अडतीस हजार पाचशे रुपये भरा, सोडतो. मग फोनवर तो आला. रडत होता. माझं कार्ड इथे चालत नाही म्हणाला.

ताईंनी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभं राहून यूपीआयने पैसे पाठवले.

इथे आपण जरा थांबू, कारण सगळी मेख इथे आहे.

परदेशी चलन किंवा ड्राफ्ट भारतात आणला, तर त्यावर सीमाशुल्क लागतच नाही. सीमाशुल्क लागतं वस्तूंवर. चलनाच्या बाबतीत नियम आहे तो जाहीर करण्याचा: रोख नोटा पाच हजार डॉलरपेक्षा जास्त असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक वगैरे मिळून दहा हजार डॉलरच्या वर जात असतील, तर उतरल्यावर एक फॉर्म भरून द्यायचा. फॉर्म भरण्याचे पैसे पडत नाहीत. म्हणजे जी गोष्ट सांगून पैसे मागितले, त्या गोष्टीवर मुळात करच नाही.

दुसरं असं की प्रवाशाच्या सामानावर शुल्क लागलंच, तर ते प्रवासी स्वतः विमानतळावर भरतो आणि पावती घेतो. अमळनेरच्या बाईला फोन करून ते कुणी वसूल करत नाही. परदेशातून पार्सल आलं, तरी शुल्क टपाल खातं किंवा कुरिअर कंपनी आपल्या पावतीवर घेते. सरकारी शुल्क सरकारी खात्यात जातं. ताईंनी ज्याला पैसे पाठवले, ते एका माणसाच्या नावाचं बचत खातं होतं. पैसे जाण्याआधी पडद्यावर ते नाव दिसलंही होतं. ताईंना वाटलं, साहेबांचं नाव असेल.

त्यांना नोटिसही आली होती, अशोकस्तंभ आणि गोल शिक्क्यासकट. आता सीमाशुल्क खात्याच्या पत्रांवर डिन नावाचा ओळख क्रमांक असतो. 2019 पासून ही पद्धत आहे आणि cbic.gov.in वर तो क्रमांक टाकला की पत्र खरं की खोटं ते दिसतं. ताईंच्या नोटिशीवर असा क्रमांकच नव्हता. होती ती जांभळ्या शाईची सही.

(दृश्य: बँकेची शाखा. काउंटरवर सरकवलेली स्लिप.)

दुपारी दोन वाजता दुसरी मागणी आली. 'अँटी मनी लाँड्रिंग सर्टिफिकेट', एक लाख बारा हजार. रक्कम यूपीआयच्या मर्यादेबाहेर गेली, म्हणून ताई बँकेत गेल्या. काय बोलायचं ते फोनवरच्या बाईने शिकवलं होतं: कुणी विचारलं तर प्लॉटचा व्यवहार सांगा. कॅशियरने विचारलंही. ताईंनी प्लॉट सांगितला. खाते या वेळी दुसऱ्याच नावाचं होतं, दुसऱ्याच राज्यातलं.

मंगळवारी तिसरी. ड्राफ्टचे रुपये करायचे म्हणून 'रिझर्व्ह बँकेचं रूपांतर शुल्क', दोन लाख साठ हजार. रिझर्व्ह बँक तुमचं-आमचं खातं ठेवत नाही आणि असं शुल्कही घेत नाही. पण ताईंच्या डोक्यात तोवर दुसराच हिशेब सुरू होता. दीड लाख गेले आहेत, हे अडीच भरले की साठ हजार पौंड सुटतात, माणूस सुटतो, आपले पैसे परत येतात. मागची रक्कम वाचवायलाच पुढची जाते. पहिली रक्कम छोटी ठेवतात ती त्याचसाठी.

आईच्या पाटल्या आणि पोत तारण ठेवून ताईंनी सोनेतारण कर्ज काढलं. दुपारी साडेतीनला आरटीजीएस झालं. एकूण गेले चार लाख दहा हजार पाचशे.

संध्याकाळी चौथी मागणी: पावणेपाच लाख, नाहीतर अटक. आता ताईंकडे काही उरलं नव्हतं. रात्री नऊ वाजता त्यांनी पुण्याला भावाला फोन केला आणि उसने पैसे मागितले. भाऊ एवढंच म्हणाला, 'आक्का, इतला पैसा कोनले दिनात?'

दोन दिवसांत हा प्रश्न त्यांना घरच्या भाषेत पहिल्यांदाच कुणी विचारला होता. सगळं बाहेर आलं.

(दृश्य: पडद्यावर चार आकडे. 1930.)

भावाने स्वतः फोन लावला नाही, ताईंना लावायला लावला, कारण माहिती त्यांच्याकडे होती. 1930 हा आर्थिक सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. तिथे विचारतात ते असं: कोणत्या बँकेतून, किती वाजता, किती रक्कम, कोणत्या खात्यात, आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. तो बँकेच्या संदेशात आणि स्लिपवर असतो. तक्रार नोंदली की पैसे जिथे गेले त्या बँकेकडे ती पोहोचते आणि त्या खात्यात, किंवा तिथून पुढे ज्या खात्यात सरकले असतील तिथे, जे शिल्लक सापडेल ते गोठवलं जातं. ही खाती बहुतेक भाड्याची. कुणीतरी चार पैशांसाठी आपलं पासबुक आणि सिमकार्ड दिलेलं असतं. त्यातून पैसा तासाभरात दोन-चार खाती ओलांडतो आणि एटीएममधून बाहेर पडतो. एटीएमच्या बाहेर गोठवण्यासारखं काही राहत नाही.

सोमवारच्या दोन्ही रकमा कधीच गेल्या होत्या. मंगळवारच्या दोन लाख साठ हजारांपैकी एक लाख नव्वद हजार तिसऱ्या खात्यात अडकले. आरटीजीएसनंतर सहा तासांनी फोन लागला म्हणून एवढे सापडले.

अडकले म्हणजे मिळाले नाहीत. ते सोडवायला पोलिसांचा अहवाल आणि न्यायालयाचा आदेश लागतो. बँक स्वतःहून भरपाई देईल, अशीही आशा नव्हती. खातं कुणी परस्पर रिकामं केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. इथे सही ताईंची होती, पिन ताईंचा होता.

आठवड्याने आणखी एक फोन आला. 'आम्ही सायबर विभागाकडून, तुमचे अडकलेले पैसे सोडवतो, बारा हजार प्रोसेसिंग.' त्या माणसाला ताईंच्या तिन्ही रकमा पाठ होत्या. असणारच, त्यानेच किंवा त्याच्या शेजाऱ्याने घेतल्या होत्या. ताईंनी नंबर लिहून घेतला आणि तो तपास अधिकाऱ्याला दिला.

भावाने 'पाटील'च्या फोटोचा गुगल लेन्सवर शोध घेतला. दोन मिनिटांत चेहरा सापडला. खराच डॉक्टर होता, वेगळ्याच देशातला, वेगळ्याच नावाचा. आपला फोटो अमळनेरच्या एका घरात सहा आठवडे रोज सकाळी पाहिला जात होता, हे त्या बिचाऱ्याला माहीतही नसेल.

(दृश्य: संध्याकाळ. ओट्यावर आप्पा, गुडघा सरळ करून बसलेले. आत ताई वह्या तपासत आहेत. बाजूला मोबाईल.)

पोलिसांनी ताईंना सांगितलंय, काहीही डिलीट करायचं नाही. चॅट, आवाजाचे संदेश, तिकीट, फोटो, सगळा पुरावा आहे. प्रकरण संपेपर्यंत फोनही बदलू नका. त्यामुळे तो अजून आहे. यादीत सगळ्यात खाली, 'डॉक्टर' या नावाने. शेवटचा संदेश त्याचाच, मंगळवारी रात्री नऊ वाजून चार मिनिटांनी आलेला.

'आप्पांचा गुडघा कसा आहे?'