दरवर्षी मोठी होणारी टोपी

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुम्हाला एका टोपीची गोष्ट सांगणार आहे. साठीच्या पुढच्या माणसांचा एक हाडांचा आजार आहे, त्याचं नाव पॅजेटचा आजार. आपल्याकडे तो विरळा. इंग्लंडमध्ये मात्र, त्यातही उत्तरेकडच्या लँकशायर परगण्यात, तो जुना ओळखीचा. पन्नास वर्षांपूर्वी तिथल्या काही गावांत एक्सरे तपासले, तेव्हा पंचावन्नच्या पुढच्या दर शंभर माणसांत सहा ते आठ जणांच्या हाडांत तो दिसला होता. हल्ली तिथंही कमी झाला आहे. पण टोपीची गोष्ट त्याच्याही शंभर वर्षं आधीची.

लंडनमध्ये सर जेम्स पॅजेट नावाचे नामांकित सर्जन होते. 1856 साली त्यांच्याकडे उत्तर इंग्लंडमधला एक गृहस्थ आला. चांगल्या घरचा, उंच, सडपातळ, अंगानं चपळ. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत कसलं दुखणं नाही. मग मांड्या आणि पाय दुखायला लागले. चालणं जास्त झालं की जास्त. डाव्या पायाची नडगी हाताला जाड लागायची. पॅजेटनी तपासलं, औषधं दिली, कशाचाच उपयोग झाला नाही. पण त्यांनी एक मोठं काम केलं. त्यांनी या माणसाला सोडलं नाही. वीस वर्षं ते त्याला पाहत राहिले, मापं घेत राहिले, लिहून ठेवत राहिले. मी तरुण डॉक्टरांना नेहमी सांगतो, निदान होत नसेल तर रोग्याला परत बोलवा आणि पुन्हा बघा. पुष्कळदा काळच निदान सांगतो.

तर या वीस वर्षांत काय झालं? पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेरच्या बाजूला वाकले. गुडघ्याला गुडघा लागेना. पाठ पुढं झुकली. सहा फूट एक इंच उंचीचा माणूस पाच फूट नऊ इंचांवर आला. चार इंच उंची गेली! आणि डोकं वाढायला लागलं. हा गृहस्थ घोडेस्वारांच्या एका स्वयंसेवक पथकात होता. त्याची रोजची हॅट आणि पथकाचं शिरस्त्राण, दोन्ही जवळजवळ दरवर्षी मोठी करून घ्यावी लागत. 1844 साली त्याच्या हॅटचा घेर होता साडेबावीस इंच. 1876 साली तो झाला सव्वासत्तावीस इंच. पुन्हा सांगतो, साडेबावीसचे सव्वासत्तावीस. घरी शिवणाची टेप असेल तर डोक्याभोवती धरून बघा, म्हणजे पावणेपाच इंच वाढ म्हणजे काय ते कळेल.

आणि यातली मला सगळ्यात हलवून सोडणारी गोष्ट ऐका. चेहरा तसाच राहिला. कवटी वाढली, पण खालचा चेहरा तोच, रेखीव. बुद्धी तीच, स्वभाव तोच, मनही प्रसन्न. शेवटी शेवटी ऐकू कमी यायला लागलं, दिसायलाही कमी झालं, पण माणूस शेवटपर्यंत तोच राहिला. पॅजेटनी हे मुद्दाम नोंदवून ठेवलं आहे. रोग्याच्या हाडांबद्दल लिहिताना रोग्याच्या मनाबद्दलही लिहावं, हे त्यांना वाटलं, याचं मला फार मोल वाटतं.

मग 1876 च्या जानेवारीत त्याचा डावा हात कोपराखाली दुखायला लागला आणि भराभर सुजला. ती हाडाची कर्करोगाची गाठ होती. मार्चमध्ये तो गेला. मृत्यूनंतर पाहिलं तेव्हा कवटी नेहमीच्या चौपट जाड झालेली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅजेटनी लंडनच्या वैद्यकीय सभेत हा सगळा वृत्तांत वाचून दाखवला. त्यांना वाटलं, ही हाडांची जुनाट सूज आहे. तेवढं त्यांचं चुकलं. पण वर्णन इतकं अचूक होतं की आजारालाच त्यांचं नाव मिळालं. त्या वेळी एक्सरेचा शोधही लागलेला नव्हता, श्रोतेहो. टेप, हात, डोळे आणि धीर, एवढ्यावर हे झालं. म्हणून मी म्हणतो, दर वर्षी भिंतीला पाठ लावून उंची मोजावी. पूर्वी घराघरात दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या खुणा असायच्या; तशा आजी-आजोबांच्याही असाव्यात.

आता हे होतं कशामुळे? हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्यात रोज थोडं पाडकाम आणि थोडं बांधकाम चालतं. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. पॅजेटच्या आजारात पाडणाऱ्या पेशी राक्षसी मोठ्या होतात आणि भराभर हाड खातात. बांधणाऱ्या पेशी मग घाईघाईनं भर घालतात. जुन्या वाड्याची भिंत पाडून गवंड्यानं हातात येईल ती वीट, ओळंबा न लावता, रचत जावी तसं. भिंत जाड होते, पण कच्ची राहते. हे मनात ठेवा: हाड जाड होतं, पण कच्चं होतं. म्हणून ते वाकतं, म्हणून ते मोडतं. आणि हा आजार अंगभर पसरत नाही. ज्या हाडात आहे त्या हाडात असतो, कमरेचं हाड, मांडी, नडगी, मणका, कवटी.

घाईनं बांधणाऱ्या त्या पेशी एक पदार्थ रक्तात सोडतात, अल्कलाईन फॉस्फटेज. हा लिव्हरमधूनही येतो, आणि घोटाळा तिथंच होतो.

माझ्याकडे मिरजेच्या बाजूचे एक शेतकरी आले होते, त्यांना आबा म्हणू. वय अडुसष्ट. उजवा खुबा दुखतो, रात्री जास्त. हातात जाडजूड फाईल. एका तपासणी-पॅकेजमध्ये त्यांचं अल्कलाईन फॉस्फटेज 612 निघालं होतं. त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा 120. कुणीतरी सांगितलं, लिव्हर बिघडलंय. आठ महिने आबांनी तेल बंद केलं, दोनदा सोनोग्राफी केली. लिव्हरचे बाकीचे सगळे आकडे नॉर्मल! गॅमा जीटी नावाची एक साधी तपासणी आहे. लिव्हर बिघडून फॉस्फटेज वाढलं तर बहुधा तीही वाढते. आबांची नॉर्मल होती. म्हणजे हा आकडा हाडातून येत होता. अशी लाल अक्षरांतली पॅकेजं विकत घेऊन माणसं घाबरतात, आणि आकड्याचा अर्थ सांगायला समोर कुणी नसतं, याचा मला मनापासून राग येतो.

पण हाडातून आला म्हणजे लगेच पॅजेट नव्हे. आपल्याकडे याचं जास्त नेहमीचं कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता. आबांचं ड जीवनसत्त्व 14 होतं, म्हणजे कमीच. ते भरून काढलं, तीन महिने थांबलो, आणि पुन्हा तपासलं. फॉस्फटेज 590. हलायलाच तयार नाही.

मग एक्सरे. कमरेच्या हाडाची उजवी बाजू डावीपेक्षा मोठी, कडा जाड, आतल्या रेषा ठसठशीत, दोरखंडासारख्या. आता इथं एक धोका असतो. पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग हाडात उतरला तरी हाड पांढरं आणि दाट दिसतं. फरक असा की पॅजेटमध्ये हाड आकारानं वाढतं, कर्करोगात सहसा वाढत नाही. तरीही आम्ही रक्तातली प्रोस्टेटची तपासणी केली, ती ठीक आली. पूर्ण हाडांचा स्कॅन केला. उजवं कमरेचं हाड आणि उजव्या मांडीचा वरचा भाग, एवढंच उजळलं.

मी आबांना विचारलं, "टोपी घट्ट होतीय का?" ते म्हणाले, "नाही डॉक्टर, तीच घालतोय." हा प्रश्न मी सोडत नाही. कवटी वाढली की कानाच्या आतलं हाड बिघडतं, ऐकू कमी येतं. मणक्यात आजार असेल तर नसा दाबल्या जातात. सांध्याजवळ असेल तर सांधा झिजतो. लांब हाडाला बाहेरच्या कमानीवर बारीक चिरा पडतात आणि एक दिवस ते आडवं मोडतं. पॅजेटच्या त्या गृहस्थाला झालेला कर्करोग फार क्वचित होतो, शंभरात एकालाही नाही. पण मुकाट दुखणारं हाड एकाएकी जोरात दुखायला लागलं, सुजलं, तर थांबू नका, लगेच दाखवा.

उपचार म्हणजे बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं. हे औषध हाडाला जाऊन चिकटतं. पाडणारी पेशी हाड खाते, हाडाबरोबर औषध गिळते आणि थंड पडते. आबांना आम्ही झोलेड्रॉनिक ॲसिड दिलं, 5 मिलिग्रॅम, शिरेतून, एकदाच. हो, एकदाच, कित्येकांना मग काही वर्षं पुन्हा लागत नाही. पण देण्याआधी तीन गोष्टी बघाव्याच लागतात. मूत्रपिंड नीट आहे ना, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं आहे ना, आणि दात काढायचे आहेत का. मूत्रपिंड फार अशक्त असेल तर हे इंजेक्शन देत नाहीत. ड जीवनसत्त्व कमी असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं, हातापायांना मुंग्या येतात, गोळे येतात. आणि दात काढायचा असेल तर तो आधी काढून जखम भरू द्यावी, कारण क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. मूत्रपिंड, ड जीवनसत्त्व, दात. हे तिन्ही आधी.

आबांना दुसऱ्या दिवशी ताप आला, अंग ठणकलं. पहिल्या डोसनंतर हे पुष्कळांना होतं. पॅरासिटामॉल दिलं, दोन दिवसांत उतरलं. सहा महिन्यांनी फॉस्फटेज 96. रात्रीचं दुखणं गेलं.

सगळं दुखणं मात्र गेलं नाही, हेही सांगायला हवं. औषधानं हाडाची घाई थांबते. झिजलेला खुबा परत येत नाही, वाकलेली नडगी सरळ होत नाही, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आणि ज्याला काहीच दुखत नाही त्याला केवळ आकडा खाली आणायला औषध द्यावं का? ब्रिटनमध्ये तेराशेहून जास्त रोग्यांवर हे तपासलं. आकड्यामागे लागलेल्यांना, दुखेल तेव्हाच औषध घेणाऱ्यांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून आम्ही दुखणाऱ्या माणसाला औषध देतो, आकड्याला नाही.

आबा आता जिना चढताना काठी घेतात. वर्षातून एकदा फॉस्फटेज तपासून येतात, आणि मी विचारायच्या आत टोपी काढून टेबलावर ठेवतात. मी आतून टेपनं मोजतो आणि तारखेसह फाईलमध्ये लिहितो. यंदाही घेर तोच आहे.