नमस्कार, हाय आणि मध्यंतरातला चहा

मंडळी, समोर एकच माणूस असेल तर ‘नमस्कार’ म्हणावं की ‘हाय’ हे ठरवायला फारसा विचार लागत नाही. तीन तऱ्हांची तीन माणसं एकदम समोर आली की पंचाईत होते. म्हणून आज एकच प्रसंग घेऊ.

इंदूरला मराठी नाटकाचं मध्यंतर झालंय. तिशीची एक मुलगी चहाचा कप घेऊन उभी आहे. तेवढ्यात समोर येतात आईची मावशी, ऑफिसातले हिंदी बोलणारे वरिष्ठ आणि शाळेपासूनची मैत्रीण. तिघंही तिच्याकडेच बघताहेत.

पहिला मान मावशीआजीचा. पण आधी हातातला कप कुठेतरी ठेवायचा, नाहीतर मैत्रिणीच्या हाती द्यायचा. कप धरलेल्या हाताला दुसरा हात टेकवला तर त्याला नमस्कार म्हणत नाहीत. गर्दीत, पायात चपला असताना वाकायलाच हवं असं नाही. इथल्या हिंदी घरांत गुडघ्याकडे हात नेण्याची पद्धत सर्रास दिसते आणि आपली मुलंही ती उचलतात. ज्या आजीला पायांपर्यंत वाकलेलं बघायची सवय आहे, तिला ते अर्धवट वाटतं. त्यापेक्षा छातीशी दोन्ही हात जोडावेत, मान किंचित लववावी आणि म्हणावं, “नमस्कार करते आजी.” यातलं ‘करते’ महत्त्वाचं. नुसतं ‘नमस्कार’ सभेतल्या वक्त्यालाही म्हणतात. ‘करते’ जोडलं की तो त्या एकाच व्यक्तीला केलेला नमस्कार होतो. मग दोन क्षण थांबायचं, कारण आजी ‘सुखी राहा’ म्हणणार असते. बहुतेकांची चूक इथेच होते. हात जोडलेले असतात आणि मान आधीच दुसरीकडे वळलेली असते, त्यामुळे आशीर्वाद पाठीला मिळतो.

आजीला ‘हाय’ का नको? शब्द इंग्रजी आहे म्हणून नव्हे. मराठीत माणूस घाबरून खचला की त्यानं ‘हाय खाल्ली’ म्हणतात, आणि हिंदीत कुणाची ‘हाय’ लागते ती तळतळाटाची. जुन्या कानाला त्या शब्दात उसासा ऐकू येतो. शिवाय नुसत्या ‘हाय’ला नातं चिकटलेलं नसतं. “हाय काका, कसे आहात?” हे पन्नाशीच्या काकांना सहसा खुपत नाही, कारण ‘काका’ आणि ‘आहात’ मिळून अदब सांभाळतात. कोरडं “हाय” म्हणून पुढे निघून गेलं की मात्र खुपतं.

आता वरिष्ठ. त्यांना ती रोज ऑफिसात “हाय” म्हणते. आज आजीसमोर एकदम हात जोडले तर ते चमकतील. नमस्कारापेक्षा नेहमीची रीत अचानक बदलणं जास्त बोलकं असतं. रोज “हाय” म्हणणाऱ्या सहकाऱ्यानं भांडणानंतर दुसऱ्या दिवशी “नमस्कार” म्हटलं तर त्याचा राग अजून गेलेला नाही, हे सगळ्या ऑफिसला कळतं. मग आजीसमोर “हाय” म्हणायचं का? त्यापेक्षा सोपी वाट आहे. वरिष्ठांकडे बघून हसायचं आणि लगेच म्हणायचं, “आजी, हे आमचे सर.” आजी आपणहून हात जोडेल, सरही जोडतील, आणि ही मधून मोकळी होईल. वरिष्ठांची नव्यानंच ओळख झाली असेल तर मात्र “नमस्कार सर” म्हणावं. ते मराठीतही चालतं, हिंदीतही.

मैत्रीण शेवटी. तिला थांबवून ठेवल्याचा राग येऊ नये म्हणून आजीकडे वळण्याआधी नजरेनंच “थांब गं” सांगायचं. तिला खरं तर ‘हाय’सुद्धा लागत नाही. “काय गं, कुठे असतेस?” एवढंच पुरे. मुलगे असतील तर इंदुरी “भिया राम!” आहेच. जिवलगाला गंभीर चेहऱ्यानं नमस्कार केला तर वेगळाच अर्थ निघतो. ज्याच्याशी संबंध नको, त्याला आपण कोपरापासून नमस्कार करतो, लांबूनच हात जोडतो. चेष्टेत केलेला नमस्कार चेष्टेच्या सुरातच असावा लागतो.

घरी गेल्यावरच्या दोन गोष्टी सांगून टाकतो. आजी जेवत असेल किंवा आडवी झाली असेल तेव्हा पाया पडू नये. ती उठून बसेपर्यंत थांबावं. आणि सुतक असलेल्या घरात नमस्कार करतही नाहीत, घेतही नाहीत. तिथे शेजारी बसून “कसं आहे आता?” एवढं विचारायचं.

तिसरी घंटा झाली. मैत्रिणीला “बाय” चालेल, सरांना “चलते सर, नाटक सुरू होतंय” चालेल. आजीला मात्र “येते हं” म्हणायचं. “जाते” म्हटलं तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करेल.