बोलताना ‘वेल’ कुठं येतो

नमस्कार श्रोतेहो.

रंकाळ्यावर कुणी विचारलं, “उद्या पन्हाळ्याला येताय न्हवं?” आणि जमणार नसेल, तर आपण फटकन “नाही” म्हणत नाही. “आता... कसं आहे, उद्या घरी पाहुणे यायचेत.” ‘कसं आहे’ ऐकल्याबरोबर विचारणाऱ्याला नकार कळलेला असतो. इंग्रजी बोलताना हे काम बऱ्याचदा ‘वेल’कडे असतं. आपली मुलं मात्र तो ‘फ्लुएंट’ दिसण्यासाठी पाठ करतात आणि दिसेल तिथं पेरतात.

‘वेल’ म्हणजे समोरच्याला दिलेली आगाऊ सूचना असते, की तू विचारलंस तसं सरळ उत्तर येणार नाही. उत्तर नकाराचं असेल, अर्धवट होकाराचं असेल किंवा थोडं मागून सुरू होणार असेल. म्हणून “व्हॉट इज युअर नेम?”ला “वेल, माय नेम इज...” असं उत्तर आलं की ऐकणारा चमकतो. नाव सांगण्यात आडवळण कसलं?

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीतला फोन घ्या. परदेशी गिऱ्हाईक विचारतं, “कॅन यू शिप बाय द ट्वेंटिएथ?” कास्टिंग वीस तारखेला तयार होतील, पण मशिनिंगला पुढं चार दिवस लागणार आहेत. आपला माणूस “येस सर” म्हणतो आणि मग “बट” लावतो. गिऱ्हाइकानं ‘येस’ धरलेलं असतं, त्यामुळं पुढचं ऐकून त्याला फसवल्यासारखं वाटतं. त्याऐवजी “वेल, द कास्टिंग्ज विल बी रेडी बाय देन, बट मशिनिंग टेक्स अनदर फोर डेज” म्हटलं, तर पहिल्याच शब्दाला त्याचे कान टवकारतात आणि चार दिवसांचा धक्का बसत नाही.

आता तो म्हणायचा कसा? पाठ केलेला ‘वेल’ ठासून येतो, त्याच्यापाठी पूर्णविरामाएवढी शांतता पडते आणि मग वाक्य नव्यानं सुरू होतं. खऱ्या बोलण्यात तो बहुतेकदा हलका असतो, जरा लांबतो आणि पुढच्या शब्दाला चिकटतो: “वेऽल द कास्टिंग्ज...” नुसता ‘वेल’ म्हणून थांबलात, तर ऐकणाऱ्याला वाटतं, याला काहीतरी बोचलंय.

‘ॲक्चुअली’ची तऱ्हा निराळी. समोरच्यानं जे गृहीत धरलंय ते तसं नाही, हे तो सांगतो. “यू आर फ्रॉम पुणे, राइट?” यावर “ॲक्चुअली, आय ॲम फ्रॉम कोल्हापूर” म्हटलं तर दुरुस्ती समोर येऊन उभी राहते. “नो, कोल्हापूर, ॲक्चुअली” असं शेवटी टाकलं तर तीच दुरुस्ती जाता जाता केल्यासारखी वाटते, टोचत नाही. आपल्याकडं मात्र उशीर झाला की “ॲक्चुअली सर, बस लेट होती” ठरलेलं. त्यामुळं खरं कारणही सबबीसारखं ऐकू येतं. (कोल्हापूरकरानं पुण्याचं गृहीतक खोडताना ‘ॲक्चुअली’ पुढं ठेवायचा की मागं, हे ज्यानं त्यानं ठरवावं.)

‘यू नो’ला दोघांच्या ओळखीची गोष्ट लागते. “द लेक, यू नो, बाय द शालिनी पॅलेस” हे कोल्हापूर पाहिलेल्याला चालेल. कधी न आलेल्याला सांगितलं तर तो मनात म्हणेल, मला कुठं ठाऊक आहे! शब्द सापडेपर्यंत वेळ काढायलाही तो येतो, पण दर वाक्याला आला की माणूस मुद्दा सोडून तोच ऐकत बसतो.

मुलाखतीची उत्तरं लिहून, मधे हे शब्द घालून पाठ करायची पद्धत मला साफ चुकीची वाटते. हे शब्द विचार चालू असताना उमटतात. पाठ उत्तरात विचार आधीच संपलेला असतो, म्हणून सुरात उपरेपणा येतो. लिहायचेच असतील तर नुसते मुद्दे लिहा: कास्टिंग, मशिनिंग, चार दिवस. मग कुणाला तरी तोच प्रश्न तीन वेगळ्या तऱ्हांनी विचारायला सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना ‘वेल’ आला की तिथंच थांबवा आणि पुढं सरळ होकार येतोय की आडवळण, ते बघा. सरळ होकार असेल तर तो ‘वेल’ सवयीचा आहे, काढून टाका.

मेलमध्ये मात्र जपून. लिहिणाऱ्याला विचाराला भरपूर वेळ असतो, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. त्यामुळं “वेल, वी कॅनॉट शिप...” अशी सुरुवात तिकडं खोचक वाचली जाते. तिथं तारीखच आधी लिहावी. नमस्कार.