आधी डोळे, मग बोटं

आज एकाच पेशंटबद्दल बोलते. नागपुरात ओपीडीला काटोलकडची एक बाई आली, वय 42. म्हणाली, "डॉक्टरबाई, मधातच जाऊन राह्यलं." आमच्या इंटर्नने लिहिलं, पाळी अनियमित. मी तारखा विचारल्या, तर तिला तारीख आठवेना, मग म्हटलं पोळ्याच्या आधी आली होती का नंतर, त्याआधीची कधी, असं करत करत निघालं की पाळी बरोबर 28 दिवसांनी येते, चार दिवस राहते, आणि हे मधलं रक्त वेगळंच आहे. मग सासूला बाहेर बसवलं आणि हळूच विचारलं, मालकांशी संबंध आल्यावर दिसतं का? मान खाली घालून हो म्हणाली. हा प्रश्न सासूसमोर विचारला असता तर उत्तर नाहीच आलं असतं, आणि आपण हार्मोनच्या गोळ्या लिहून मोकळे झालो असतो.

आता तपासणी. लघवी करून यायला सांगा, भरलेली पिशवी हाताला गाठीसारखी लागते. काय करणार ते सांगून परवानगी घ्या, सिस्टर जवळ हवीच. आधी पोट बघा, मग बाहेरची जागा, आणि त्यानंतर आत बघायला योनी उघडणारं स्पेक्युलम. बोटं नाही! मी रेसिडेंट असताना अशाच एका बाईला आधी बोटं घातली, गर्भाशयाच्या तोंडाला धक्का लागून इतकं रक्त आलं की नंतर स्पेक्युलममधून काहीच दिसेना, तोंडावरून घेतलेल्या पॅप स्मिअरवर नुसतं रक्त. तिला परत बोलवावं लागलं, ते मला आजही लागतं.

कस्को स्पेक्युलम कोमट पाण्याने ओला करा, पाती बंद, जरा तिरपा धरून मागच्या भिंतीला लागून खाली-मागे सरकवा, कारण वर मूत्रमार्गाशी दाबलं की बाई कळवळते. पूर्ण आत गेल्यावर फिरवून उघडा. गर्भाशयाचं तोंड दिसलं नाही तर जोर करू नका, थोडा मागे घेऊन दिशा बदला.

या बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या वरच्या ओठावर फुलकोबीसारखी वाढ होती, टोकाला कापूस लागला तरी रक्त. अशा वेळी पॅप स्मिअरवर विसंबू नका, तो नॉर्मलही येऊ शकतो, वाढीचा तुकडाच काढून तपासायला पाठवायचा. काढताना पाती तोंडाच्या बाहेर सरकल्यावरच मिटू द्या, नाहीतर चिमटा बसतो.

आणि मग दोन बोटं, दुसरा हात पोटावर. तोंड किती कडक, हलवल्यावर दुखतं का, गर्भाशय केवढं, हलतं का, मग दोन्ही बाजू, दुखरी बाजू शेवटी. तिचं गर्भाशय हलत होतं, पण आजार पसरून बाजूचा भाग आवळलाय का हे बोटांना पुढून नीट कळत नाही, त्यासाठी गुदद्वारातून तपासावं लागतं. तेही तिला आधी सांगून केलं. बाजू मऊ लागल्या, आणि त्याच दिवशी बायोप्सी पाठवली.