छायाचित्रातल्या कालव्याचे वय कसे ओळखावे

जलमार्गाचे छायाचित्र पाहताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: बांधकाम कधीचे आणि छायाचित्र कधीचे. पहिल्याचे उत्तर बहुधा सर्वांत जुन्या भागात सापडते, तर छायाचित्र मात्र त्यात दिसणाऱ्या सर्वांत नव्या भागापेक्षा जुने असू शकत नाही.

समजा, चित्रात अरुंद पाणी आहे, त्यावर विटांचा ठेंगणा कमानी पूल आहे आणि कमानीखालून काठाने एक पायवाट जाते. पायवाटेच्या बाजूच्या कमानीच्या कडेला लोखंडी पट्टी असेल, तर ती मोठी करून पाहा. तिच्यावर बोटभर खोल, गुळगुळीत, आडव्या खाचा दिसल्या, तर हा घोड्यांनी नावा ओढण्याच्या काळातला कालवा आहे, म्हणजे बहुधा अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा. ओल्या दोराला चिकटलेली वाळू वर्षानुवर्षे घासून लोखंड अशी कापते. खाचा नसल्या म्हणून घोडे नव्हते असे मात्र ठरत नाही, कारण पट्ट्या बदलल्या जात.

याहून नेमकी खूण म्हणजे मधोमध बारीक फट असलेला पूल. दोन्ही काठांवरून ओतीव लोखंडाचे दोन अर्धे भाग पुढे येतात आणि एकमेकांना न टेकता थांबतात, म्हणजे घोडा न सोडता दोर त्या फटीतून पार जातो. असे पूल स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालव्याच्या दक्षिण भागात ओळीने आढळतात. हा कालवा 1816 मध्ये पूर्ण झाला आणि दुरवस्थेनंतर दुरुस्त होऊन 1964 मध्ये पुन्हा खुला झाला.

आता काठ पाहू. या जुन्या कालव्यांचे अस्तर मळलेल्या चिकणमातीचे असते, ते पाण्याखाली राहते आणि छायाचित्रात दिसत नाही. दिसतो तो गवताळ, किंचित वाकडा काठ. त्याच काठावर नागमोडी घड्यांचे पोलादी पत्रे ठोकलेले दिसले, तर ती विसाव्या शतकातली दुरुस्ती आहे, आणि छायाचित्र त्यानंतरचे. याउलट उतरत्या बाजूंवर काँक्रीटचे सारखे चौकोन आणि त्यांमधले सांधे दिसत असतील, तर तो बहुधा सिंचनाचा आधुनिक कालवा. तिथेही सावध राहावे, कारण जुन्या मातीच्या कालव्यालाही नंतर अस्तरीकरण करतात, आणि मग पूल अस्तराहून कितीतरी जुना असतो.

मागे धरण असेल, तर इंग्लंडच्या जुन्या कालव्यांना पाणी पुरवणारे बंधारे बहुतेक मातीचे असतात आणि लांबून टेकडीसारखे भासतात. अरुंद खडकाळ घळीत पाण्याच्या बाजूला फुगलेली पातळ भिंत दिसली, तर ते कमानी धरण, आणि मग प्रदेश डोंगराळ व खडक मजबूत असणार. धरणाच्या खालच्या बाजूला काँक्रीटच्या एकसारख्या पायऱ्या असतील, तर ते रोलरने दाबून थरांत बांधलेले असण्याची दाट शक्यता असते. अमेरिकेतले विलो क्रीक हे अशा पद्धतीचे सुरुवातीचे मोठे धरण 1980 च्या दशकातले आहे. पण जुन्या दगडी सांडव्यांनाही पायऱ्या असतात, म्हणून आधी दगडांचे सांधे शोधावेत.