पास कुणाचा, चेंडू किती वेळ

[गॅलरीतून घेतलेलं चित्रीकरण. कोल्हापूर, शाहू स्टेडियम.]

हे फुटबॉल सामन्याचं चित्रीकरण एकाच कॅमेऱ्याचं आहे. यातून पासचं जाळं, म्हणजे कुणी कुणाला किती पास दिले याचं चित्र काढायचं, तर आधी पडद्यावरचा ठिपका मैदानावर नेमका कुठे आहे, हे कळायला हवं.

मैदानाची लांबी-रुंदी गावागणिक बदलते. मोठ्या माणसांच्या सामन्यात पेनल्टी बॉक्स मात्र नियमाने ठरलेला असतो: 40.32 मीटर रुंद, 16.5 मीटर खोल. म्हणून चित्रातले त्याचे चार कोपरे धरून मोजमाप बसवतात. पण चारही खुणा एकाच टोकाला असल्या, की दुसऱ्या टोकाकडचं माप घसरतं. मध्यरेषा आणि 9.15 मीटर त्रिज्येचं वर्तुळ दिसत असेल, तर तेही जोडून घ्यावं. कॅमेरा हलला, की मोजमाप नव्याने बसवायचं.

[हेडरची चौकट थांबते.]

हे गणित फक्त जमिनीवरच्या बिंदूला लागू पडतं. हवेतल्या चेंडूवर क्लिक केलं, तर तो कित्येक मीटर मागे पडल्यासारखा दिसेल. म्हणून खूण नेहमी खेळाडूच्या पायाशी करायची.

प्रत्येक पासची एक ओळ: वेळ, देणारा, घेणारा, जागा, पोहोचला की नाही. जर्सीचा नंबर दिसला नाही, तर अंदाज ठोकू नये, ‘अनोळखी’ लिहावं. असे पास फार झाले, तर ते जाळं न दाखवलेलंच बरं.

[जाळं उमटतं. ठिपके खेळाडूंचे, रेषेची जाडी पासच्या संख्येची.]

ठिपका बसतो त्या खेळाडूच्या सगळ्या पासांच्या सरासरी जागेवर, आणि फसगत इथेच होते. समजा मैदान 68 मीटर रुंद आहे. एक विंगर निम्मे पास डाव्या बाजूला, कडेपासून 8 मीटरवरून देतो. मग बाजू बदलून उरलेले निम्मे त्याच कडेपासून 60 मीटरवरून देतो. सरासरी येते 34, म्हणजे बरोब्बर मध्यभाग. तिथे तो एकदाही उभा नव्हता! अशा वेळी बाजू बदलली त्या मिनिटाला जाळ्याचे दोन तुकडे करायचे. बदली खेळाडू आला, तरी तेच.

[पडद्यावर घड्याळ.]

चेंडूवरचा ताबा दोन रीतींनी मोजतात. समजा 45 मिनिटांच्या पूर्वार्धात चेंडू पहिल्या संघाकडे 14 मिनिटं आणि दुसऱ्याकडे 10 मिनिटं होता. उरलेली 21 मिनिटं थ्रो-इन, फाउल आणि गोल-किकची वाट बघण्यात गेली. ती वगळली, तर पहिल्या संघाचा ताबा 58 टक्के. पण त्याच पूर्वार्धात पास झाले 168 आणि 152. पासांवरून काढलं, तर त्याच संघाचा ताबा साडेबावन्न टक्केच. पहिला संघ चेंडू पायाशी घोळवत राहिला, दुसरा पटापट देत गेला. फरक तेवढ्याने पडला.

म्हणून टक्केवारीखाली रीत लिहायची: ‘वेळेवरून’ की ‘पासांवरून’. खेळ थांबलेला वेळ धरला की वगळला, हेही तिथेच.