मिली प्रति तास ते थेंब प्रति मिनिट : भागायचे कशाने, हे सेटचे पाकीट सांगते

नमस्कार. सलाईनच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे. डॉक्टरांनी ‘तासाला ८० मिली’ असे लिहून दिले, पंप उपलब्ध नाही, तर मिनिटाला थेंब किती ठेवायचे? काहींनी त्याचे उत्तरही आपापसांत दिले आहे. कोणी म्हणते तीनाने भागा, कोणी म्हणते चाराने भागा, आणि एकीने लिहिले आहे की भागायचेच नाही, ८० मिली म्हणजे ८० थेंब. ही तिन्ही उत्तरे बरोबर असू शकतात आणि तिन्ही चूकही असू शकतात. म्हणून आज सूत्र थोडक्यात सांगून वेळ या मुद्द्यावर द्यायचा आहे.

सूत्र सोपे आहे. तासाला जितके मिली द्यायचे, त्यांना एका मिलीत पडणाऱ्या थेंबांनी गुणायचे आणि ६० ने भागायचे, कारण तासाची मिनिटे ६० असतात.

थेंब प्रति मिनिट = (मिली प्रति तास × एका मिलीतील थेंब) ÷ ६०

यातील मिली डॉक्टरांच्या आदेशात असतात आणि ६० ठरलेलेच असतात. एका मिलीतील थेंब मात्र आदेशात नसतात, सलाईनच्या बाटलीवरही नसतात. ते आयव्ही सेटच्या पाकिटावर छापलेले असतात. कित्येक सेटवर थेंबाचे एक लहानसे चित्र आणि त्यासोबत २० किंवा ६० हा आकडा असतो. कमेंटमधला सगळा गोंधळ या एका आकड्याचा आहे. २० थेंबांचा सेट असेल तर २० ला ६० ने भाग जाऊन खाली ३ उरतात, म्हणून तीनाने भागायचे. १५ थेंबांचा असेल तर ४ उरतात, म्हणून चाराने. ६० थेंबांचा म्हणजे मायक्रोड्रिप सेट असेल तर वरचे ६० आणि खालचे ६० एकमेकांना छेदतात, म्हणून तासाचे मिली तेच मिनिटाचे थेंब. आपल्याकडे मोठ्यांसाठी मिळणारे बहुतेक सेट २० थेंबांचे असतात. अमेरिकन पुस्तकांतील उदाहरणांत १० आणि १५ थेंबांचे सेट येतात. ती उदाहरणे सोडवून परीक्षेला बसलेली मुले ‘चाराने भागायचे’ हे पाठ करतात आणि वॉर्डात २० थेंबांच्या सेटवर तेच वापरतात.

आता एक उदाहरण पूर्ण करू. रुग्णाला ५०० मिली रिंगर लॅक्टेट ६ तासांत द्यायचे आहे. ५०० ला ६ ने भागले की तासाला ८३.३ मिली येतात. सेट २० थेंबांचा आहे, म्हणून ८३.३ ला ३ ने भागले की २७.८, म्हणजे मिनिटाला २८ थेंब. अर्धा थेंब पाडता येत नाही, म्हणून पूर्णांक करायचा, पण तो अगदी शेवटी करायचा. हाच आदेश कोणी चाराने भागला तर २१ थेंब येतील, आणि २० थेंबांच्या सेटवर २१ थेंब म्हणजे तासाला ६३ मिली. ६ तासांची बाटली मग जवळजवळ ८ तास चालते. सकाळी दहाला लावलेली सलाईन दुपारी चारला संपायला हवी होती, ती सहापर्यंत लोंबकळत राहते, आणि पुढच्या पाळीतील सिस्टर ‘शीर बंद होत असेल’ असे म्हणून कॅन्युला तपासत बसते. कॅन्युला व्यवस्थितच असते.

आकडा कोणत्या सेटचा आहे हे पाकीट न पाहताही काहीसे ओळखता येते. ड्रिप चेंबरच्या आत वरच्या टोकाला पाहा. मोठ्यांच्या सेटमध्ये थेंब प्लॅस्टिकच्या जाड तोंडातून पडतो. मायक्रोड्रिपमध्ये त्या जागी सुईसारखी बारीक धातूची नळी असते, म्हणून थेंब लहान, म्हणजे मोठ्या थेंबाच्या एक तृतीयांश असतो. लहान मुलांच्या ब्युरेट सेटमध्येही हीच नळी असते. मात्र ही खूण मायक्रो आणि मॅक्रो एवढाच फरक दाखवते. १५ आणि २० यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, तिथे पाकीटच हवे. मी प्रात्यक्षिक परीक्षेत पाकीट काढून टाकलेला सेट हातात देते आणि थेंब विचारते. बहुतेक विद्यार्थी लगेच आकडा सांगतात. मला अपेक्षित उत्तर असते, “मॅडम, पाकीट कुठे आहे?” वॉर्डात ते पाकीट सेट जोडताक्षणी कचऱ्याच्या डब्यात जाते, म्हणून सेट उघडतानाच तो आकडा बाटलीवरच्या पट्टीवर पेनाने लिहून ठेवावा, असा माझा आग्रह असतो. त्यावर ‘एवढा वेळ कोणाला असतो’ अशी एक कमेंट आली आहे. दोन अंक लिहायचे आहेत, आणि ते लिहिले नाहीत तर पुढच्या तिन्ही पाळ्या अंदाजाने भागाकार करतात.

हाच मुद्दा तिसऱ्या बाजूने सांगते, कारण धोका खरा तिथे आहे. ‘४० मिली म्हणजे ४० थेंब’ ही सवय बालरोग विभागात लागते, कारण तिथे मायक्रोड्रिप असते आणि तिथे ती बरोबरच असते. १० किलो वजनाच्या मुलाला दैनंदिन गरजेपुरते द्रव द्यायचे असेल तर पहिल्या १० किलोंना दर किलोमागे तासाला ४ मिली या हिशेबाने तासाला ४० मिली येतात, मायक्रोड्रिपवर ४० थेंब. मी एका वॉर्डात पाहिलेला प्रसंग असा की अशा मुलाचा ब्युरेट सेट गळू लागला, बदलताना हाताशी मोठ्यांचा सेट होता तो लावला गेला, आणि थेंब मात्र पूर्वीसारखेच ४० ठेवले गेले. २० थेंबांच्या सेटवर ४० थेंब म्हणजे मिनिटाला २ मिली, तासाला १२० मिली. अर्ध्या तासात २० मिलींऐवजी ६० मिली गेले. बाटलीवर पट्टी लावलेली होती, पातळी खुणेच्या बरीच खाली दिसली म्हणून सिस्टरच्या लगेच लक्षात आले. हेच रात्रभर, समजा ८ तास चालले असते तर ३२० ऐवजी ९६० मिली त्या लहान शरीरात गेले असते. पापण्या सुजणे, श्वास जलद होणे ही लक्षणे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून सेट बदलला की थेंब नव्याने काढायचे. आदेश तोच असला तरी भागाकार बदललेला असतो.

आता ती पट्टी. बाटलीच्या आकड्यांशेजारी चिकटपट्टीचा उभा तुकडा लावायचा आणि दर तासाची पातळी वेळेसह लिहायची. आपल्या उदाहरणात दहाला ५००, अकराला ४१७, बाराला ३३३, एकला २५०, दोनला १६७, तीनला ८३ आणि चारला रिकामी. ही पट्टी मला थेंब मोजण्याइतकीच महत्त्वाची वाटते, कारण तिला थेंबाचा आकार माहीतच असावा लागत नाही. समजा सेट खरा १५ थेंबांचा होता आणि आपण २० समजून २८ थेंब लावले, तर तासाला ११२ मिली जातील आणि अकरा वाजता पातळी ४१७ ऐवजी ३८८ वर दिसेल. थेंब अचूक मोजलेले असूनही चूक उघडी पडते. फक्त पातळी वाचताना डोळे तिच्या रेषेत आणा, आणि मऊ प्लॅस्टिकची बाटली आत चेपली गेली असेल तर छापील आकड्यांवर मिलीच्या हिशेबाने भरवसा ठेवू नका.

मोजण्याबद्दल एकच गोष्ट सांगते. घड्याळ सुरू करताना जो थेंब पडतो तो ‘एक’ नव्हे, ‘शून्य’. तो ‘एक’ धरला तर प्रत्येक मोजणीत एक थेंब जास्त येतो. पूर्ण मिनिट मोजले तर हा एकाचा फरक क्षुल्लक आहे, पण बहुतेक जण १५ सेकंद मोजून चाराने गुणतात, आणि मग एकाचे ४ होतात. म्हणजे खरे २४ थेंब पडत असताना तुम्ही २८ समजता, आणि २० थेंबांच्या सेटवर तो फरक तासाला १२ मिलींचा आहे. म्हणून रोलर अंदाजे बसवताना १५ सेकंद चालतील, शेवटची खात्री मात्र पूर्ण मिनिटाची करा. ड्रिप चेंबर साधारण अर्धे भरलेले ठेवा. ते काठोकाठ भरले तर थेंब दिसतच नाहीत.

एकदा बसवलेला वेग तसाच राहत नाही. रुग्णाने कोपर वाकवला, खाट वर केली, स्टँड खाली सरकवला, किंवा रोलरखालची नळी दाबून दाबून चपटी झाली, तरी थेंब बदलतात. मग एकच्या सुमारास पट्टी सांगते की २५० उरायला हवे होते, ३१० उरले आहेत. इथे काही जण रोलर सैल करून ६० मिली ‘भरून काढतात’. तसे करू नका. उरलेले ३१० मिली उरलेल्या ३ तासांत द्यायचे झाले तर तासाला १०३ मिली, म्हणजे मिनिटाला ३४ थेंब होतात. तो वेग चालेल, की सलाईन उशिरा संपलेली चालेल, हे डॉक्टरांना विचारायचे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वयस्क रुग्णाच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय वेग वाढवायचाच नाही. नातेवाईक हा व्हिडिओ पाहत असतील तर त्यांना विनंती, रोलरला हात लावू नका, थेंब थांबलेले किंवा धावताना दिसले तर सिस्टरना बोलवा.

शेवटी, हा सगळा हिशेब कुठे लावायचाच नाही तेही सांगते. सेटवरचा २० हा आकडा शुद्ध पाण्याच्या थेंबांचा असतो. रिंगर लॅक्टेट किंवा नॉर्मल सलाईनमध्ये तो व्यवहारापुरता तसाच धरता येतो. पण अमिओडारोनच्या नेहमीच्या इंजेक्शनमध्ये असा घटक असतो की द्रावणाचा पृष्ठताण कमी होऊन थेंब लहान पडतात. थेंब मोजून ते दिले तर औषध ३० टक्क्यांपर्यंत कमी जाऊ शकते, असा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच असतो. म्हणून अमिओडारोन, नॉरॲड्रेनालिन, इन्सुलिन आणि पोटॅशियमचे मोठे प्रमाण या गोष्टी इन्फ्युजन पंपावर किंवा सिरिंज पंपावर द्यायच्या. पंप मोकळा नसेल तर थेंब काढत बसण्याआधी डॉक्टरांना तसे कळवायचे.